पाटीवरचा भाव म्हणजे सौदा नव्हे! दुकान, जाहिरात आणि लिलावात 'प्रस्ताव' नेमका कोण देतो?

गव्हाण (ता. पनवेल) : समजा, उलव्याच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागे फ्रिज ठेवला आहे. त्यावर चिठ्ठी आहे, '१२,००० रुपये'. गव्हाणचा एक माणूस ती चिठ्ठी बघून आत जातो, पैसे मोजून काउंटरवर ठेवतो. दुकानदार म्हणतो, 'दादा, पोराने चिठ्ठी उलटी लिहिली. भाव २१,००० आहे.' गिऱ्हाईक म्हणतो, 'तू भाव लावलास, मी पैसे दिले. सौदा झाला. फ्रिज काढ बाहेर.' आवाज वाढतो, चार माणसं जमतात आणि जवळजवळ सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतात.

कायदा मात्र इथे दुकानदाराच्या बाजूने आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. आणि हे कारण फ्रिजपुरतं नाही. सिडकोच्या भूखंडाच्या लिलावात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या जाहिरातीत, पूजेतल्या नारळाच्या बोलीत, सगळीकडे तेच कारण लागू होतं.

आपल्याकडे करारासाठी १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. तो अजूनही चालू आहे. त्याचा हिशोब साधा आहे. एकाने प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, म्हणजे करार जुळतो. प्रस्ताव म्हणजे 'मी हे करायला तयार आहे, तू फक्त हो म्हण' असं सांगणं. समोरच्याने हो म्हटलं की मागे फिरता येत नाही. मग सगळी मारामारी एकाच प्रश्नावर येते. प्रस्ताव दिला कोणी?

बऱ्याच बोलण्याला प्रस्तावाचं रूप असतं, पण तो प्रस्ताव नसतो. ती असते हाक. 'या, बघा, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.' वकील मंडळी याला प्रस्तावाचं निमंत्रण म्हणतात. निमंत्रणाला हो म्हटलं तरी करार होत नाही, कारण हो म्हणायला समोर काही ठेवलेलंच नसतं. उलट, हो म्हणणाराच तिथे पहिला प्रस्ताव देत असतो.

काचेमागचा माल

यावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा निकाल इंग्लंडचा आहे. आपली न्यायालयं या विषयात इंग्लंडच्या जुन्या निकालांचा आधार घेत आली आहेत, म्हणून तो इथे सांगायला हवा. बूट्स नावाच्या औषधांच्या कंपनीने लंडनजवळ एक दुकान नव्या पद्धतीने सुरू केलं. गिऱ्हाइकाने स्वतः कपाटातून औषध उचलायचं, टोपलीत टाकायचं आणि शेवटी गल्ल्यावर पैसे द्यायचे. आज मॉलमध्ये चालतं तसंच. तिथल्या कायद्यानुसार काही औषधं फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायची होती, आणि फार्मासिस्ट उभा होता गल्ल्यापाशी. फार्मासिस्टांच्या संस्थेने दावा लावला. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाने बाटली उचलली तिथेच विक्री झाली, आणि त्या वेळी फार्मासिस्ट जवळ नव्हता.

१९५३ मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. कपाटात मांडलेला माल हे निमंत्रण आहे. गिऱ्हाईक माल घेऊन गल्ल्यावर जातो तेव्हा तो 'हे मला एवढ्याला द्या' असा प्रस्ताव देतो. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेतो तेव्हा तो स्वीकारतो. करार तिथे होतो.

याचं कारण थोडं उलटं करून बघितलं की पटतं. मांडलेला माल हाच प्रस्ताव मानला, तर टोपलीत साबण टाकला की सौदा पक्का. मग पुढच्या कपाटात चांगला साबण दिसला म्हणून पहिला परत ठेवायला गेलात, तर दुकानदार म्हणेल, 'पहिल्याचे पैसे आधी द्या.' असं कोणाला नको असतं. म्हणजे हा नियम दुकानदाराला जेवढा सोयीचा, तेवढाच गिऱ्हाइकालाही.

दुकानदाराचीही एक अडचण आहे. काचेमागे एक फ्रिज आहे आणि ती चिठ्ठी दिवसभरात पन्नास माणसं बघतात. चिठ्ठी हाच प्रस्ताव मानला तर पन्नास जण 'हो' म्हणतील आणि दुकानदार पन्नास करारांत अडकेल. माल मात्र एकच.

१९६० मध्ये इंग्लंडमधलाच आणखी एक निकाल आला. एका दुकानाच्या खिडकीत बटण दाबलं की उघडणारा चाकू ठेवला होता, बाजूला किंमत लिहिली होती. असा चाकू 'विक्रीसाठी देऊ करणं' हा तिथे गुन्हा होता. पोलिसांनी खटला भरला. न्यायालयाने सांगितलं, खिडकीत ठेवणं म्हणजे करार कायद्याच्या अर्थाने देऊ करणं नव्हे, तो नुसता निमंत्रणाचा प्रकार आहे. दुकानदार सुटला. मग तिथल्या संसदेला कायद्याची भाषाच बदलावी लागली.

आता फ्रिजकडे परत. दुकानदाराने पैसे घेण्याआधी 'नाही' म्हटलं, म्हणून करार झालाच नाही. पण गोष्ट थोडी बदलून बघा. पोराने १२,००० घेतले, बिल फाडलं, फ्रिज टेम्पोत चढवला, आणि संध्याकाळी मालकाच्या लक्षात आलं. तेव्हा मालकाला वरचे ९,००० मागता येणार नाहीत. पैसे घेतले तिथे स्वीकार झाला. करार कायद्याचं कलम २२ सांगतं, एकाच बाजूची चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. मात्र चूक आहे हे गिऱ्हाइकाला स्वच्छ कळत होतं आणि त्याने मुद्दाम फायदा घेतला, असं दिसलं तर प्रकरण वेगळं होतं.

ऑनलाइन खरेदीलाही हेच. मोबाईलवर दिसणारा भाव म्हणजे काचेमागचा फ्रिज. 'ऑर्डर करा' दाबणं हा आपला प्रस्ताव. बहुतेक कंपन्या अटींमध्ये लिहून ठेवतात की 'तुमची ऑर्डर मिळाली' असा मेसेज म्हणजे स्वीकार नव्हे, माल पाठवला की स्वीकार. म्हणूनच चुकून पाचशेला टाकलेला टीव्ही दुसऱ्या दिवशी रद्द होतो आणि पैसे परत येतात.

मग दुकानदाराला रान मोकळं का?

नाही. करार झाला नाही, एवढंच करार कायदा सांगतो. दुसरे कायदे वेगळे चालतात, आणि लोकांचा घोळ इथेच होतो.

पाकिटावर छापलेली एमआरपी ही करार कायद्याची गोष्ट नाही. ती वजनमापाच्या नियमांत येते. २० रुपये छापलेली पाण्याची बाटली दुकानदार २५ ला विकू शकत नाही, तो नियमभंग आहे. पण २० छापलं आहे म्हणून ती २० ला तुम्हाला विकायलाच हवी, असा करार त्यातून होत नाही.

तसंच 'दसरा धमाका, ९९९ ला मिक्सर' अशी पाटी लावायची, लोकांना बोलवायचं आणि आत आल्यावर 'संपला, हा २,५०० चा घ्या' म्हणायचं. मनात विकायचंच नसलेल्या भावाची जाहिरात करणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार पद्धत आहे. तिथे 'करार झाला होता का' असं कोणी विचारत नाही. 'फसवलंत का' असं विचारतात. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पाटीचा, जाहिरातीचा फोटो काढून ठेवला तर तिथे तो कामाला येतो.

'दहा हजाराच्या खाली देणार नाही'

गव्हाण, कोपर, न्हावा, उलवे या पट्ट्यात खरा पैसा अडकतो तो जमिनीत. विमानतळ आल्यापासून तर रोज कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर प्लॉटची जाहिरात पडते. 'साडेबारा टक्के, दोनशे मीटर, समुद्राकडे, विकणे आहे.' खाली एक नंबर.

ही जाहिरात म्हणजे निमंत्रण, हे आता लक्षात आलं असेल. पण पुढचं पाऊल जास्त नाजूक आहे. फोन लावला, मालकाने किंमत सांगितली, आपण 'चालेल' म्हटलं. झाला का सौदा?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा निकाल आहे, मॅक्फरसन विरुद्ध अप्पण्णा. कूर्गमधल्या मर्कारा गावी, म्हणजे आताच्या मडिकेरीत, एक बंगला विकायचा होता. मालक इथे नव्हता, कारभार दुसऱ्याच्या हाती होता. खरेदीदाराने सुरुवातीला कमी किंमत सांगितली. मालकाला विचारलं तेव्हा त्याने तार केली, दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. खरेदीदार म्हणाला, ठीक, दहा हजार देतो. त्याच्या मते तिथे करार झाला. पण मधल्या काळात दुसऱ्याने ११,००० देऊ केले आणि बंगला त्याला गेला. पहिला खरेदीदार कोर्टात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

न्यायालयाने विचारलं, 'दहा हजारांच्या खाली घेणार नाही' यात 'दहा हजारांना तुलाच देतो' असं कुठे आहे? तो नुसता कमीत कमी आकडा झाला. मालकाने बोलणी सुरू ठेवायला दार उघडलं एवढंच. खरेदीदाराचं 'दहा हजार देतो' हे वाक्य म्हणजे त्याचा नवा प्रस्ताव, आणि तो मालकाने कधी स्वीकारलाच नाही. म्हणून करार झाला नाही.

हे आपल्या बोलण्याला लावून बघा. 'काका, एक कोटी वीस लाखाच्या खाली जमणार नाही' हे उत्तर आपल्याकडे रोज ऐकू येतं. त्यावर 'बरं, एक वीस दिले' असं म्हणून कोणी बँकेतला ठेवीचा पैसा मोडला, गाडी विकली, आणि आठ दिवसांनी काकांनी दुसऱ्याला दिलं, तर कोर्टात हात रिकामे राहण्याची शक्यता मोठी. उलट, मालकाने 'एक वीसला तुला देतो, रविवारपर्यंत सांग' असं लिहून पाठवलं आणि आपण शनिवारी 'मान्य' लिहिलं, तर चित्र बदलतं. तिथे मालकाने स्वतःला बांधून घेतलं होतं. दोन वाक्यांत फरक चार शब्दांचा, पण कायद्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा.

इथे एक गोष्ट आठवणीत ठेवावी. मालकाने 'रविवारपर्यंत' म्हटलं तरी आपण हो म्हणण्याआधी तो शुक्रवारी प्रस्ताव मागे घेऊ शकतो. कलम ५ तसं सांगतं, स्वीकार रवाना होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. मुदत पाळायलाच लावायची असेल तर त्यासाठी वेगळे पैसे देऊन तसं लिहून घ्यावं लागतं. आपल्याकडे इसारा देऊन पावती घेण्याची जी रीत आहे, ती यासाठीच पुढे आली असावी. इसाऱ्याच्या पावतीवर जागा, किंमत, मुदत आणि दोघांच्या सह्या असतील तर 'नुसती बोलणी होती' असं म्हणणं मालकाला जड जातं. अर्थात मालकी बदलायला नोंदणीकृत खरेदीखत लागतंच, ते वेगळं.

जाहिरातही कधी कधी बांधते

सगळ्या जाहिराती निमंत्रण असतात असं धरून चाललं तर चूक होईल. १८९३ चा इंग्लंडमधला निकाल प्रसिद्ध आहे. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं एक औषधी उपकरण होतं. कंपनीने पेपरात छापलं, दिवसातून तीनदा असं दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमचा इरादा खरा आहे हे दाखवायला बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे वापरलं, तरी त्यांना ताप आला. कंपनी म्हणाली, ही तर जाहिरात होती. न्यायालय म्हणालं, नाही, काय केलं तर काय मिळेल हे तुम्ही नेमकं सांगितलं आणि पैसेही बाजूला ठेवले. हा जगाला दिलेला प्रस्ताव. बाईंना १०० पौंड मिळाले.

आपल्याकडे भिंतीवर लागणारी 'हरवलेला बैल आणून देणाऱ्यास ५,००० रुपये बक्षीस' ही चिठ्ठी याच जातीची. बैल आणून दिला की करार पूर्ण. पण आणणाऱ्याला आधी चिठ्ठी माहीत असावी लागते. १९१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात लालमन शुक्ल यांचं प्रकरण गेलं. मालकाचा पुतण्या पळून गेला होता, लालमन हा त्याचा मुनीम, तो शोधायला हरिद्वारला गेला आणि मुलगा सापडला. मधल्या काळात मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, ते लालमनला शोधेपर्यंत माहीत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, जो प्रस्ताव ठाऊकच नव्हता तो स्वीकारला असं कसं म्हणणार? बक्षीस मिळालं नाही. माणसाच्या न्यायाने बघितलं तर हे थोडं कडूच लागतं.

बोली लावणारा पुढे, लिलाव करणारा मागे

लिलावात बहुतेकांचा समज उलटा असतो. लिलाव पुकारणारा विकायला उभा आहे, म्हणजे प्रस्ताव त्याचा, आणि सगळ्यात मोठी बोली म्हणजे स्वीकार, असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक बोली हा प्रस्ताव आहे. नवी मोठी बोली आली की आधीची गळून पडते. पुकारणारा 'तीन वार' म्हणतो, हातोडा पडतो, तेव्हा स्वीकार होतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ हेच सांगतं, आणि पुढे असंही सांगतं की हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो.

म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेनंतर नारळाचा लिलाव चालू आहे, कोणी उत्साहात ५,००० बोलला आणि 'दोन वार' झाल्यावर बायकोने डोळे वटारले, तर तिसऱ्या वाराआधी त्याला 'नको' म्हणता येतं. गाव हसेल, तो भाग वेगळा. याच कलमात आणखी एक उपयोगी नियम आहे. भाव चढवायला विकणाऱ्याने आपलाच माणूस खोट्या बोलीसाठी उभा केला, तर खरेदी करणारा तो सौदा रद्द करू शकतो.

लिलाव जाहीर झाला म्हणजे तो होईलच असंही नाही. १८७३ मध्ये एक माणूस लंडनहून लिलावाची जाहिरात वाचून गेला आणि ज्या फर्निचरसाठी गेला ते लिलावातून काढलेलं होतं. त्याने गेलेल्या वेळेची भरपाई मागितली, मिळाली नाही. जाहिरात हे निमंत्रण होतं.

आता सिडकोचा लिलाव. सिडको भूखंडाची आधार किंमत जाहीर करतं, अनामत रक्कम भरून घेतं, ऑनलाइन बोली लागते. जाहिरात आणि आधार किंमत हे निमंत्रण. आपली बोली हा प्रस्ताव. बोली बंद झाली आणि आपलं नाव सगळ्यात वर दिसलं, तरीही अजून भूखंड आपला नाही. महामंडळाने ती बोली मान्य करून तसं लेखी कळवलं की स्वीकार. अशा लिलावांच्या अटींत कोणतीही बोली नाकारण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो, आणि ती ओळ शोभेची नसते.

नागपूरचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. नागपूर सुधार प्रन्यासने भूखंडाचा लिलाव केला. सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला वाटलं जागा आपली झाली, पण प्रन्यासने ती बोली पक्की केली नाही. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये लक्ष्मीकांत विरुद्ध सत्यवान या निकालात न्यायालयाने सांगितलं की बोली पक्की होईपर्यंत सर्वात मोठ्या बोलीदाराचा जागेवर हक्क तयार होत नाही. त्याला मागता येते ती वागणूक. सरकारी संस्थेने मनमानी केली, एकाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा नियम लावला, तर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. पण 'मी सर्वात जास्त बोललो, द्याच' एवढं पुरत नाही.

उलट बाजूने मात्र बोलीदार चांगलाच अडकू शकतो. कलम ५ वाचून कोणी म्हणेल, स्वीकार झाला नाही, मी बोली मागे घेतो, अनामत परत द्या. बोली मागे घेता येते, पण अनामत जाऊ शकते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुदतीत बोली मागे घेतली तर अनामत जप्त होईल अशी अट मान्य करून कोणी पैसे भरले असतील, तर मूळ करार झाला नसला तरी ती अट लागू होते. भूखंडाचा करार वेगळा, आणि 'बोलीत उतरायचं तर मागे फिरणार नाही' हा दुसरा, छोटा करार वेगळा. तो अनामत भरतानाच होऊन गेलेला असतो.

म्हणून भाऊबंदांनी वर्गणी काढून सिडकोच्या लिलावात उतरायचं ठरवलं असेल, तर आधार किमतीच्या आकड्याआधी माहितीपुस्तिकेतल्या तीन ओळी शोधाव्यात. बोली किती दिवस मागे घेता येणार नाही, अनामत कोणत्या कारणांनी जप्त होते, आणि मान्यता कोणत्या पत्राने कळवली जाते. त्या पत्राच्या तारखेपासून पैसे भरण्याची मुदत धावू लागते.